ग्रुपमध्ये नाव न दिसता नुसता नंबरच दिसतो, कॉन्टॅक्ट सिंक नेमकं कुठं करायचं?

दर्शना_माशेल

नमस्कार मंडळी. आमच्या देवळाच्या जत्रेला दरवर्षी गावचं नाटक होतं, त्याच्या तालमी चालू झाल्यात आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरच सगळा कारभार चालतो. वर्गणीची वही माझ्याकडे आहे. मागच्या आठवड्यात नवीन फोन घेतला, अँड्रॉइडच, दुकानातल्या मुलाने दोन्ही फोन समोरासमोर धरून व्हॉट्सॲप सगळं आणून दिलं, जुने मेसेज फोटो सगळे आलेत, पण ग्रुपमध्ये निम्म्याहून जास्त माणसं आता नुसते नंबर झालीत. काहींच्या नंबराजवळ ते पाण्याच्या लाटेसारखं ~ चिन्ह आणि पुढे नाव, काहींना तेही नाही. काल एका नंबराने लिहिलं "५०० पाठवले, वहीत घाला". कुणाच्या नावावर घालू? ग्रुपात विचारायला संकोच वाटतो, ज्यांच्याबरोबर रोज तालीम करते त्यांनाच "तुम्ही कोण" म्हणून कसं विचारायचं. आणि आमच्या वहिनीच्या फोनवर त्याच ग्रुपात सगळ्यांची नावं व्यवस्थित दिसतात! मग माझ्याकडेच का नाही?

वास्को_तारवटी

हे ॲडमिनचं काम बाय. ॲडमिनला सांगा प्रत्येकाच्या नंबराला नाव घालून दे म्हणून, एकदा घातलं की सगळ्यांना दिसतं. आमच्या बोटीवरच्या ग्रुपात ॲडमिनने तसंच केलंय, मला सगळ्यांची नावं दिसतात.

बाबू_तिसवाडी

सोपं आहे, त्या नंबरावर बोट ठेवा, वर नंबर येतो, ॲड टू कॉन्टॅक्ट करा, नाव घाला, सेव्ह. झालं. नाहीतर व्हॉट्सॲप काढून परत घाला, सगळं फ्रेश होतं. किंवा सेटिंग्जमध्ये जाऊन क्लिअर डेटा करा.

केदार_फोंडा

बाबूबाब, थांबा जरा. दर्शनाबाय, क्लिअर डेटा अजिबात करू नका आणि व्हॉट्सॲप काढूही नका. बॅकअप घेतलेला नसेल तर आत्ता जे जुने मेसेज आलेत म्हणताय तेच जातील, आणि नावं तर त्याने येणारच नाहीत. मी फोंड्यात मोबाईल दुरुस्तीचं काम करतो, नवा फोन घेतला की आठवड्याच्या आत हीच तक्रार घेऊन माणसं येतात.

आधी एक गोष्ट, तारवटीबाबांसाठी पण. ग्रुपमध्ये कुणाचंच नाव साठवलेलं नसतं. ग्रुपला फक्त नंबर माहीत असतात. तुमच्या स्क्रीनवर जे नाव दिसतं ते तुमच्या स्वतःच्या फोनमधल्या कॉन्टॅक्ट्समधून उचलून त्या नंबराच्या जागी दाखवलेलं असतं. एकाच माणसाला एका घरात बाबू म्हणतात, शेजारी दत्ताराम म्हणतात, आणि मुलगे नाना म्हणतात, तसं प्रत्येक फोनवर त्याचं नाव वेगळं असू शकतं. त्यामुळे ॲडमिनला तुमच्या फोनवरचं नाव बदलता येत नाही, त्याला तो अधिकारच नाही. वहिनीच्या फोनवर नावं दिसतात कारण वहिनीच्या कॉन्टॅक्ट्समध्ये ती माणसं आहेत, एवढंच. तारवटीबाब, तुमच्या ॲडमिनने बहुतेक सगळ्यांचे कॉन्टॅक्ट कार्ड ग्रुपात पाठवले असणार आणि तुम्ही ते सेव्ह केले असणार.

आता दर्शनाबाय, दोन गोष्टी बघून सांगा.

एक, व्हॉट्सॲप बाजूला ठेवा आणि ज्या डब्यातून आपण फोन लावतो तो डायलर उघडा. त्यात ग्रुपमधल्या एखाद्या ओळखीच्या बाईचं नाव शोधा, जी आता नंबर होऊन बसलीय. येतं का?

दोन, नव्या फोनमध्ये जीमेल कुठला आहे? जुन्या फोनमध्ये होता तोच, की दुकानात नवीन बनवला?

वास्को_तारवटी

हो हो बरोबर, कार्डंच पाठवली होती त्याने, मी एक एक करून सेव्ह केलेली. मला वाटलं त्यानेच घातली.

रामा_काणकोण

माझं पण असंच आहे पण थोडं उलटं. मला फोन आला की वर नाव बरोबर येतं, "अमुक अमुक, मडगाव" असं, पण तोच माणूस ग्रुपात नंबर. म्हणजे फोनला नाव माहीत आहे ना? मग व्हॉट्सॲपला का सांगत नाही? माझा फोन जुनाच आहे, बदललेला नाही.

केदार_फोंडा

रामाबाब, तुमच्याकडे कॉल करणाऱ्याचं नाव दाखवणारं ॲप घातलेलं असणार. ते नाव त्या कंपनीच्या यादीतून इंटरनेटवरून येतं, तुमच्या कॉन्टॅक्ट्समध्ये तो माणूस नसतोच. कॉल आला तेवढ्यापुरतं दिसतं आणि जातं. व्हॉट्सॲप फक्त तुमचे कॉन्टॅक्ट्स वाचतं. खात्री करायची तर कॉन्टॅक्ट्स उघडून त्याचं नाव शोधा, मिळणार नाही. तिथं सेव्ह केला की ग्रुपात पण नाव येईल. तुमच्या बाबतीत बाबूबाबांनी सांगितलेलं ॲड टू कॉन्टॅक्टच बरोबर आहे.

रामा_काणकोण

शोधलं, खरंच नाही! आणि मी इतके दिवस समजत होतो सेव्ह आहे म्हणून.

दर्शना_माशेल

केदारबाब, बघितलं. डायलरमध्ये सुलक्षणा म्हणून शोधलं तर काहीच नाही. आमच्या प्रॉम्प्टरचं पण नाही. माझ्या सख्ख्या आत्याचा नंबर सुद्धा नाही हो!! काही थोडी नावं आहेत, ती बहुतेक सिमवरची, आणि या आठवड्यात मी घातलेली. आणि जीमेल दुकानातल्या मुलाने नवीन बनवून दिला, मला जुन्याचा पासवर्ड तिथं उभ्या उभ्या आठवला नाही म्हणून. जुना फोन घरीच आहे, काचेला तडा गेलाय पण चालतो, मुलगा गेम खेळतो त्यावर.

केदार_फोंडा

सापडलं मग. आणि जुना फोन हाताशी आहे हे फार बरं झालं, आता मुलाकडून तो काढून घ्या आणि काम होईपर्यंत कुणी तो रिसेट करू नये एवढं बघा.

काय झालंय ते सांगतो. दुकानातल्या मुलाने दोन फोन समोर धरून क्यूआर स्कॅन करून चॅट ट्रान्सफर केलं. त्याने चॅट येतात, फोटो येतात, ग्रुप येतात. कॉन्टॅक्ट्स येत नाहीत, ते व्हॉट्सॲपच्या ताब्यात नसतातच. ते राहतात गूगल खात्यात, नाहीतर फोनच्या मेमरीत, नाहीतर सिमवर. तुमचे बहुतेक जुन्या जीमेलमध्ये आहेत, आणि नवा फोन नव्या जीमेलवर चालू आहे, तो जीमेल रिकामा. म्हणून व्हॉट्सॲपने नंबर आणले आणि त्याला जोडायला नावच मिळालं नाही.

आधी खात्री करून घ्या. कुठल्याही कॉम्प्युटरवर किंवा जुन्या फोनच्या ब्राऊझरमध्ये `contacts.google.com` उघडा, जुन्या जीमेलने लॉगिन होऊन. तिथं सुलक्षणावहिनी दिसल्या तर नावं गूगलकडे सुरक्षित आहेत आणि फक्त नव्या फोनपर्यंत पोचलेली नाहीत. तिथंही नसल्या पण जुन्या फोनच्या कॉन्टॅक्ट्समध्ये असल्या तर त्या फक्त त्या फोनच्या मेमरीत आहेत, मग रस्ता थोडा वेगळा.

डिचोली_मास्तर

केदार, तू छान समजावतोस. पण मला एक विचारायचं आहे. ते ~ चिन्हवालं नाव कुठून येतं? ते जर माझ्या कॉन्टॅक्टमध्ये नाही, आणि ग्रुपकडेही नाही, तर मग कुणी दिलं?

केदार_फोंडा

मास्तर, ते त्या माणसाने स्वतः दिलेलं असतं. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये आपल्या प्रोफाइलवर आपण जे नाव लिहितो ना, ते. समोरच्याने तुम्हाला सेव्ह केलेलं नसेल तर त्याला तुमचा नंबर आणि ~ लावून ते नाव दिसतं. ~ याचा अर्थ "हे नाव तुमच्या फोनमधलं नाही, त्याने सांगितलेलं आहे". त्यात माणूस काहीही लिहू शकतो, नुसतं टिंब ठेवणारे आहेत, "ओम साई" लिहिणारे आहेत. आणि ज्याने ग्रुपात कधी काही लिहिलंच नाही त्याचा बऱ्याच वेळा नुसता कोरा नंबर दिसतो, मेंबरांच्या यादीत जाऊन बघा.

डिचोली_मास्तर

म्हणजे कुणी परका माणूस ग्रुपात शिरून तिथं आमच्या देवस्थानाच्या अध्यक्षांचं नाव लिहून पैसे मागू शकतो.

केदार_फोंडा

शकतो मास्तर. फोटो पण त्यांचा लावू शकतो. म्हणूनच पैशाच्या ग्रुपात ~ वाल्या नावावर विसंबू नये. दर्शनाबाय, तुमच्या वहीत पण ~ बघून नाव घालू नका, दोन सुरेश असले तर एकाची वर्गणी दुसऱ्याच्या नावावर जाईल.

दर्शना_माशेल

आमच्याकडे तीन सुरेश आहेत 🙂 बरं झालं सांगितलंत. रात्री जेवणं उरकली की बसते आणि ते गूगलचं बघते.

विनया_म्हापसा

मी आयफोनवाली. माझ्याकडे डायलरमध्ये सगळी नावं आहेत, आयक्लाउड चालू आहे, तरी कॉलेजच्या ग्रुपात काही जणी नंबर म्हणून दिसतात आणि काही जणी नावाने. सगळ्या सेव्ह आहेत. हे कसं? दर्शनाताईंचं तर डायलरमध्येच नव्हतं.

केदार_फोंडा

विनया, तुझी गोष्ट वेगळी आहे, तुझ्याकडे नावं आहेत पण व्हॉट्सॲपला ती बघू दिलेली नाहीत, म्हणजे सगळी बघू दिलेली नाहीत. आयओएस १८ पासून ॲपल विचारतं की या ॲपला सगळे कॉन्टॅक्ट दाखवू की निवडलेलेच. २०२४ च्या शेवटापासून माझ्याकडे आयफोनवाल्यांची ही तक्रार यायला लागली. तू तेव्हा थोडेसेच निवडून पुढे गेली असशील. सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग कॉन्टॅक्ट्स, त्यात व्हॉट्सॲप. तिथं लिमिटेड ॲक्सेस असेल, फुल ॲक्सेस कर. सगळे द्यायचे नसतील तर तिथंच त्या मैत्रिणी निवडून यादीत घालता येतात.

विनया_म्हापसा

लिमिटेडच होतं! फुल केलं आणि व्हॉट्सॲप बंद करून उघडलं तर सगळ्या आल्या, मागचे जुने मेसेज होते त्याच्यावर पण नावं आली. थँक्यू दादा.

केदार_फोंडा

हो, मेसेजबरोबर नाव साठवलेलं नसतं, उघडताना नाव शोधून लावलं जातं, म्हणून जुन्यावर पण येतं.

स्मिता_पणजी

मध्येच बोलते, पण मी ही कॉन्टॅक्टची परवानगी मुद्दाम बंद ठेवलीय. माझ्या फोनमध्ये माझ्या अशिलांचे नंबर आहेत, डॉक्टरचे आहेत, ते सगळे एका परदेशी कंपनीकडे का जावेत? नुसत्या नावांसाठी सगळी यादी देऊन टाकायची हे मला पटत नाही.

केदार_फोंडा

मॅडम, तुमचं म्हणणं रास्त आहे. परवानगी दिली की यादीतले नंबर त्यांच्या सर्व्हरवरच्या नंबरांशी पडताळायला जातात, त्याशिवाय कोण व्हॉट्सॲपवर आहे ते कळणारच नाही. तुम्ही बंद ठेवलंत तर ग्रुपात सगळे नंबर किंवा ~ वाले दिसणार हे धरून चालायचं. मधला एक मार्ग आहे, व्हॉट्सॲपने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केलं की कॉन्टॅक्ट फक्त व्हॉट्सॲपमध्येच सेव्ह करता येईल, फोनच्या यादीत न घालता. मग ज्यांची नावं ग्रुपात हवीत तेवढीच तिथं घालायची. अडचण एवढीच की ती नावं तुमच्या डायलरमध्ये दिसणार नाहीत, फोन आला तर नुसता नंबरच.

स्मिता_पणजी

ते बघेन. पण मला वाटतं अशी वेगळी यादी ठेवायला लावणं हे पण एक प्रकारे त्यांच्याच घरात आपला पसारा मांडणं झालं. मी अजून बंदच ठेवणार आहे.

बाबू_तिसवाडी

मॅडम, नंबर तसेही जातात हो, तुमचा नंबर ज्या शंभर जणांनी सेव्ह केलाय त्यांनी परवानगी दिलीय ना.

स्मिता_पणजी

म्हणून मी पण द्यावी असं होत नाही. माझ्या अशिलांचा विश्वास माझ्यावर आहे.

दर्शना_माशेल

केदारबाब, बसले होते रात्री. जुन्या फोनवर ते पान उघडलं, सुलक्षणावहिनी आहेत, आत्या आहे, सगळे आहेत तिथं! एवढा जीव भांड्यात पडला. आता हे नव्या फोनमध्ये कसं आणायचं? पासवर्ड अजून आठवत नाही पण जुन्या फोनवर लॉगिन आहे.

केदार_फोंडा

छान. जुन्या फोनवर लॉगिन आहे म्हणजे काम सोपं.

नव्या फोनवर सेटिंग्जमध्ये जा, "पासवर्ड्स अँड अकाउंट्स" नाहीतर "अकाउंट्स अँड बॅकअप" असं काहीतरी असेल, कंपनीप्रमाणे नाव बदलतं. तिथं ॲड अकाउंट, गूगल, आणि जुना जीमेल घाला. पासवर्ड विचारेल तेव्हा फर्गॉट पासवर्ड दाबा, तो बहुतेक जुन्या फोनवर "तुम्हीच आहात का" असं विचारेल, तिथं हो म्हणा आणि नवीन पासवर्ड ठेवा, यावेळी घरच्या वहीत लिहून ठेवा. नवा जीमेल काढायची गरज नाही, एका फोनवर दोन राहू शकतात.

खातं आलं की त्याच्यावर दाबा, अकाउंट सिंक म्हणून येईल, त्यात कॉन्टॅक्ट्सचा खटका चालू आहे का बघा. इथंच खूप जण अडकतात, खातं घालतात, मेल दिसायला लागतात, आणि कॉन्टॅक्ट्सचा खटका बंद असतो. बॅटरी सेव्हर चालू असेल तर तो पण तेवढ्यापुरता बंद ठेवा, त्याने सिंक रेंगाळतं. मग डायलरमध्ये सुलक्षणा शोधा. तिथं येईपर्यंत व्हॉट्सॲप उघडूच नका, कारण डायलरमध्ये नाही तर व्हॉट्सॲपमध्ये येणार कुठून.

डायलरमध्ये आलं की मग व्हॉट्सॲप. नवीन चॅटचं बटण, वर तीन टिंबं, रिफ्रेश. परवानगी पण बघून घ्या, सेटिंग्ज, ॲप्स, व्हॉट्सॲप, परमिशन्स, कॉन्टॅक्ट्स, अलाउ.

डिचोली_मास्तर

आणि ज्यांची नावं गूगलमध्ये नाहीत, फोनच्या मेमरीतच आहेत, त्यांनी काय करावं? माझ्या फोनमध्ये सेव्ह करताना वर "फोन" असं येतं, मी कधी बदललं नाही.

केदार_फोंडा

मास्तर, मग तुम्ही आजच बदला, नवीन फोन घ्यायची वाट बघू नका. नवीन नंबर सेव्ह करताना वर "फोन" दिसतं त्यावर दाबून तुमचा जीमेल निवडा, पुढच्या वेळी तोच येईल. जे आधीच फोनमध्ये आहेत त्यांच्यासाठी सेटिंग्जमध्ये गूगलच्या भागात कॉन्टॅक्ट सिंकचं पान आहे, तिथं डिव्हाइस कॉन्टॅक्ट्स पण सिंक करा असा खटका मिळतो, तो चालू केला की मेमरीतली नावं पण खात्यात चढतात. ते नाही सापडलं तर कॉन्टॅक्ट्स ॲपमध्ये एक्स्पोर्ट करून `.vcf` फाइल बनते, ती स्वतःलाच मेल करून नव्या फोनवर उघडायची. फोन पाण्यात पडला की मेमरीतले सगळे जातात, पावसाळ्यात मी दर आठवड्याला असा एक तरी फोन बघतो आणि त्या माणसाचं तोंड बघवत नाही.

दर्शना_माशेल

झालं!!! खातं घातलं, आणि तुम्ही म्हणालात तसंच, कॉन्टॅक्ट्सचा खटका बंदच होता. चालू केला आणि चहा ठेवून आले तोवर डायलरमध्ये सगळी मंडळी. मग रिफ्रेश केलं आणि ग्रुप उघडला तर एकेक नंबर जाऊन नावं. पाचशेवाला आमचा तबलजी निघाला, वहीत घातलं त्याचं नाव. देव बरें करूं केदारबाब.

पण दोघे अजून राहिलेत. एक आमचा चुलतभाऊ प्रकाशदादा, लिस्बनला असतो, तो +351 असा नंबरच दिसतो, ~ पण नाही. डायलरमध्ये "प्रकाशदादा पोर्तुगाल" आहे, सेव्ह आहे! नीट आठवून बघितलं तर तो जुन्या फोनवर पण ग्रुपात नंबरच दिसायचा, मला वाटायचं परदेशातल्यांचं असंच असतं. दुसरा एक ~ वाला आहे, तो कोण ते कळत नाही.

केदार_फोंडा

प्रकाशदादाचा नंबर सेव्ह कसा केलाय? सगळा नंबर इथं टाकू नका, किती आकडे आहेत आणि सुरुवात कशाने होते तेवढं सांगा.

दर्शना_माशेल

नऊ आकडे, ९ ने सुरू. चवथीला आलेला तेव्हा त्यानेच माझ्या फोनमध्ये घालून दिला होता.

केदार_फोंडा

तेच कारण. पोर्तुगालात मोबाईल नंबर नऊ आकडीच असतो, ९ ने सुरू होतो, तिथली माणसं तसाच सांगतात, तिथं तो पूर्ण असतो. पण तुमचा व्हॉट्सॲप नंबर भारतातला आहे, म्हणून देशाचा कोड नसलेला प्रत्येक नंबर तुमचं व्हॉट्सॲप भारतातला समजून वाचतं. ग्रुपात येतो तो नंबर +351 सकट. दोन्ही जुळत नाहीत, म्हणून नाव लागत नाही. तुमच्या फोनसाठी ती दोन वेगळी माणसं आहेत.

कॉन्टॅक्ट एडिट करा, नंबराच्या आधी `+351` घाला आणि लगेच नऊ आकडे. + विसरू नका. गावातले दहा आकडी नंबर तसेच राहिले तरी चालतात, कारण ते भारतातलेच आहेत.

आपल्या गोव्यात प्रत्येक घरातलं कुणीतरी बाहेर असतं म्हणून हे सगळ्यांनी एकदा बघून घ्यावं. इंग्लंडवाले आपला नंबर ०७ असा सांगतात, तो सेव्ह करताना `+44` आणि पुढे ७ पासून, शून्य सोडून. दुबईवाले ०५ सांगतात, तो `+971` आणि पुढे ५ पासून. कुवेतचा आठ आकडी असतो, त्याला शून्य नाहीच, फक्त आधी `+965` लावायचं.

वास्को_तारवटी

हे मात्र एकदम खरं. आणि उलटं पण होतं केदारबाब. मी जहाजावर असताना बाहेरच्या सिमवर व्हॉट्सॲप चालू केलं होतं, तेव्हा घरच्यांची सगळ्यांची नावं गेली होती! बायको सुद्धा +91 नंबर दिसायची. आईबाबा सगळे नुसते दहा आकडे सेव्ह होते.

केदार_फोंडा

बरोबर, तेव्हा तुमचा व्हॉट्सॲप नंबर दुसऱ्या देशाचा झाला, मग दहा आकडी नंबर त्या देशाचा समजून वाचायला लागलं. नुसतं परदेशात गेल्याने काही होत नाही, व्हॉट्सॲप कुठल्या नंबरावर नोंदलंय त्यावर आहे. म्हणून जे बाहेर जाणार आहेत त्यांनी इथल्या सगळ्यांना जाण्याआधीच `+91` लावून ठेवावं, कुठल्याही सिमवर गेलात तरी नावं राहतात.

दर्शना_माशेल

प्रकाशदादा आला!! +351 लावून सेव्ह केलं, रिफ्रेश केलं आणि त्याचं नाव. त्याला फोटो पाठवला स्क्रीनचा, तो हसतोय तिकडे. दुसरा ~ वाला राहिला फक्त.

रामा_काणकोण

त्याने नंबर बदलला नसेल ना? आमच्या फुटबॉलच्या ग्रुपात एकाने सिम बदललं आणि आम्ही सगळे दोन दिवस "हा कोण घुसला" म्हणून बघत होतो.

केदार_फोंडा

रामाबाब, चांगला मुद्दा. दर्शनाबाय, ग्रुपात मागे जाऊन बघा, मधोमध लहान अक्षरात "अमक्याने फोन नंबर बदलला" अशी ओळ येते, त्यावर दाबलं की नवा नंबर सेव्ह करता येतो. तुमच्या कॉन्टॅक्टमध्ये त्याचा जुनाच असणार, आणि सिंक कितीही केलं तरी ते जुनंच आणून देणार, नवा नंबर गूगलकडे नाहीच तर देणार कुठून. पण ही ओळ त्याने व्हॉट्सॲपमधला चेंज नंबर वापरला असेल तरच येते. नुसतं नवीन सिम घालून नव्याने सुरू केलं आणि कुणीतरी परत ग्रुपात घेतलं तर अशी ओळ नसते, मग त्याला एक फोन करून विचारावंच लागतं.

दर्शना_माशेल

मागे जाऊन बघितलं, तशी ओळ नाही. "ॲडमिनने ॲड केलं" एवढंच आहे, गेल्या महिन्यातलं. फोन लावते उद्या तालमीच्या आधी.

बाबू_तिसवाडी

केदारबाब, आता माझं ऐका. माझ्या फोनमध्ये दोन व्हॉट्सॲप आहेत, एक फोनबरोबर आलेलं डबल करून घेतलेलं. पहिल्यात सगळी नावं, दुसऱ्यात त्याच माणसांचे नंबर. सिंक चालू, परमिशन अलाउ, रिफ्रेश पण केलं.

केदार_फोंडा

बाबूबाब, त्या डबल ॲपला काही फोनमध्ये वेगळी कॉन्टॅक्ट यादी ठेवायची सोय असते. सॅमसंगमध्ये ड्युअल मेसेंजरच्या पानावर वेगळी यादी वापरायचा खटका आहे, तो चालू असेल तर दुसऱ्या ॲपला त्यात निवडलेलीच माणसं दिसतात. तुमचा फोन कुठला?

बाबू_तिसवाडी

सॅमसंग नाही, दुसऱ्या कंपनीचा. असलं पान कुठं दिसत नाही, नुसतं ॲप क्लोन चालू बंद एवढंच आहे.

केदार_फोंडा

मग ते ॲप फोनमध्ये वेगळ्या प्रोफाइलमध्ये चालत असणार आणि त्या प्रोफाइलला कॉन्टॅक्ट्स कसे दिलेत ते फोन हातात घेतल्याशिवाय सांगता येत नाही. परमिशनच्या पानावर व्हॉट्सॲप दोनदा दिसतं का बघा, दुसऱ्याची परमिशन वेगळी असते, पहिल्याची अलाउ असली म्हणून दुसऱ्याची होत नाही.

बाबू_तिसवाडी

दोनदा दिसतं. दुसऱ्याची पण अलाउ आहे. शनिवारी फोंड्याला येतोय बाजाराला, फोन घेऊनच येतो.

केदार_फोंडा

या, दुपारी दोनपर्यंत असतो. येण्याआधी दुसऱ्या व्हॉट्सॲपचा बॅकअप घेऊन ठेवा, क्लोन बंद करून परत चालू करावं लागलं तर त्यातलं सगळं पुसलं जातं.

दर्शना_माशेल

ते ~ वालं कळलं. फोन केला, आमचे नेपथ्यवाले काका, सिम हरवलं म्हणून नवीन घेतलेलं, जुना नंबर सेव्ह होता. त्याच नावाखाली नवा नंबर घातला, जुना काढला, आणि ग्रुपात नाव आलं. त्यांनी पण ३०० दिलेले आहेत, ते ग्रुपात लिहिलं होतं मागच्या आठवड्यात आणि मी वहीत प्रश्नचिन्ह घालून ठेवलेलं, तिथं आता त्यांचं नाव लिहिलं.